उन्हातून निघणारे चांदणे

चेंबूरच्या जुन्या बंगल्यांच्या भागातली कुठलीही एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरमधले पावणेपाच वाजलेत. ऊन नैऋत्येकडून तिरपे येते आहे आणि पर्जन्यवृक्षांच्या फांद्यांतून रस्त्यावर कवडसे पडलेत. एका बंगल्याच्या कुंपणावर लाल जास्वंद आहे. पुढे वाण्याचे दुकान, त्याच्या बाजूला म्युनिसिपालिटीचा दिव्याचा खांब. मालिकेत, चित्रपटात किंवा जाहिरातीत हेच दृश्य रात्रीचे म्हणून हवे असते, आणि चित्रीकरण होते ते दिवसा. या कामाला चित्रपटाच्या धंद्यात ‘डे फॉर नाइट’ म्हणतात. पूर्वी ते कॅमेऱ्यात आणि लॅबमध्ये व्हायचे, आज बरेचसे ग्रेडिंगच्या खोलीत होते. उजेड म्हणजे काय हे या कामाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

सर्वसाधारण समजूत अशी की चित्र काळोखे करावे, त्यावर निळा चढवावा, की रात्र झाली. स्वस्तातल्या मालिकांमध्ये नेमके हेच होते आणि ते प्रेक्षकाला लगेच कळते. कारण सांगता येत नसले तरी काहीतरी खोटे आहे हे त्याला जाणवते. या लेखाचे म्हणणे असे की दोष निळ्याच्या छटेत नसतो. दिवसाच्या दृश्यातून एक विशिष्ट रात्र, म्हणजे चांदण्याची रात्र, खरोखरच काढता येते, कारण ती त्या उजेडात आधीपासून असते. पण रस्त्यावरच्या दिव्यांची रात्र त्यात नसते. ती काढता येत नाही, बांधावी लागते. या दोन रात्रींची गल्लत झाली की चित्र फसते.

सूर्य आणि चंद्र एकाच मापाचे

चांदणे म्हणजे परावर्तित ऊनच. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर फार तर पाव लक्स उजेड पडतो. दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. फरक चार लाख पटींचा. पण फरक फक्त प्रमाणाचा आहे. आकाशात सूर्य आणि चंद्र दोघेही जवळजवळ सारखेच, अर्ध्या अंशाचे दिसतात. म्हणूनच खग्रास सूर्यग्रहण होऊ शकते. दिव्याचे आकारमान सारखे असले की सावलीची कडाही सारखी येते. झाडाची सावली उन्हात जितकी धारदार पडते तितकीच ती चांदण्यात पडते. दोघेही इतके दूर आहेत की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड कमी होत नाही आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेने, समांतर जातात. सावलीत जो थोडा उजेड असतो तो आकाशाचा. चांदण्या रात्री आकाशही त्याच हिशेबाने सावली भरते.

याचा पडताळा सोपा आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर, पौर्णिमेच्या रात्री कॅमेरा तिवईवर लावावा. आयएसओ 1600, भिंग f/2.8 वर उघडे, आणि आठ-दहा सेकंद उघडीप. येणारे छायाचित्र दिवसाचे दिसते. आकाश निळे, गवत हिरवे, लाल कौले लाल. तारे दिसले नाहीत तर हे रात्रीचे आहे हे कुणी मान्यही करणार नाही. म्हणजे चांदण्यात रंग असतातच, ते आपल्याला दिसत नाहीत इतकेच. रात्र जितकी जगात घडते, तितकीच ती डोळ्यात घडते.

डोळ्यात काय घडते तेही ठरावीक आहे. भरपूर उजेडात दृष्टिपटलावरच्या शंकुपेशी काम करतात. त्यांच्यामुळे रंग कळतात, बारीक तपशील कळतो, आणि 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. उजेड फार कमी झाला की काम दंडपेशींकडे जाते. त्यांचा कळसबिंदू 507 नॅनोमीटरच्या आसपास, निळसर हिरव्याकडे असतो, आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. बोहेमियातला शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने 19व्या शतकाच्या आरंभी पहाटेच्या उजेडात फुले पाहताना हे टिपले. दिवसा सर्वांत उठून दिसणारी लाल फुले पहाटे सर्वांत काळी दिसतात आणि पाने त्यांच्याहून उजळ. आपल्या गल्लीतल्या जास्वंदीचे नेमके हेच व्हायला हवे. दंडपेशी रंग सांगत नाहीत. बारीक अक्षरही त्यांना वाचता येत नाही. म्हणून दिवसातून चांदणे काढायचे तर ही डोळ्याची अपुरी दृष्टी चित्रात उतरवावी लागते. लाल बुजवायचे, बाकीचे रंग फिके करायचे, दूरचा तपशील थोडा मऊ करायचा. थोडासा निळा त्यानंतर येतो, आणि तोही सवयीचा भाग म्हणून, कारण चित्रकारांनी आणि नंतर सिनेमाने आपल्याला चांदणे निळसर पाहायची सवय लावली आहे. मोजमापाने पाहिले तर चंद्राचा उजेड सूर्यापेक्षा किंचित पिवळसरच असतो.

निळ्याशिवायची रात्र

निळा रंग रात्रीला आवश्यक नाही याचा सर्वांत मोठा पुरावा चेंबूरमध्येच तयार झाला. राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ 1948 साली सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर उभा राहिला. ‘आवारा’ 1951चा, ‘श्री 420’ 1955चा, ‘जागते रहो’ 1956चा. तिन्ही कृष्णधवल, तिन्हींचे छायालेखन राधू कर्मकार यांचे. ‘जागते रहो’ची तर जवळजवळ सगळी गोष्टच एका रात्रीत घडते. पाण्याच्या शोधात खेड्यातला माणूस शहरात येतो, एका मोठ्या इमारतीत शिरतो, चोर समजून त्याचा पाठलाग होतो, आणि पहाटे कुठे त्याला पाणी मिळते. त्या चित्रपटात निळ्याचा कणही नाही, तरी ती रात्र आहे याविषयी प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही. ‘आवारा’तल्या नावेच्या प्रसंगात नायिका चंद्रालाच उद्देशून गाते, आणि पडद्यावर आहेत फक्त काळ्या-पांढऱ्याच्या छटा.

ते कशाने साधले? उजेडाच्या जागांनी. चित्रचौकटीचा बहुतेक भाग खाली ठेवायचा, पण पूर्ण काळा करायचा नाही. माणसाच्या मागून किंवा बाजूने एक दिवा लावून केसांची, खांद्याची, गालाची कड उजळायची. एखादी खिडकी, एखादा खांब, एखादा ओला रस्ता चमकवायचा, म्हणजे डोळ्याला तुलना मिळते. अंधार मोजायला जवळ कुठेतरी उजेड लागतो. चौकटीत एकही तेजस्वी ठिकाण नसेल तर चित्र रात्रीचे दिसत नाही, चुकून कमी उजेडात घेतलेले दिसते. स्टुडिओत बाहेर भर दुपार असली तरी आत छताखाली टांगलेल्या तराफ्यांवरून लाइटमन एकेक दिवा हवा तिथे वळवत, आणि रात्र त्या दिव्यांच्या मांडणीतून उभी राहत असे. तिथे ‘आवारा’चे कलादिग्दर्शक होते एम. आर. आचरेकर, आणि ते मुळात चित्रकार. चित्रकाराला हा हिशेब शिकवावा लागत नाही. सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले जलरंगचित्र पाहा. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीपुढे धरलेला तळहात. बोटांच्या कडा लालबुंद पारदर्शक, हनुवटीखालचा भाग तेजस्वी, कपाळाकडे जाता जाता उजेड ओसरत जातो, आणि पदराच्या टोकाला तो जवळजवळ संपतो. दिवा किती जवळ आहे हे तो ओसरणारा उजेडच सांगतो.

उघड्यावरची दृश्ये दिवसा घेऊन रात्रीची करण्याची पद्धतही कृष्णधवल काळातलीच. लाल फिल्टर लावला की निळे आकाश काळवंडते. पण त्याच फिल्टरने चेहरे आणि ओठ पांढरेफटक पडतात. म्हणून हलका लाल आणि हलका हिरवा असे दोन फिल्टर एकत्र लावण्याची पद्धत रुळली. रंगीत फिल्म आल्यावर वेगळी युक्ती निघाली. स्टुडिओच्या दिव्यांसाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरायची तर नारिंगी 85 नंबरचा फिल्टर लावावा लागे. तो काढून टाकला की सगळे निळे येई. वर दीड-दोन स्टॉप कमी उघडीप दिली की ‘नाइट इफेक्ट’ तयार. निळी रात्र इतकी सर्वत्र पसरली त्याचे एक कारण हे आहे. निळा हा त्या युक्तीचा आपोआप येणारा परिणाम होता. त्रुफोंनी 1973 साली एका चित्रपटाला या युक्तीचेच फ्रेंच नाव दिले, इतकी ती धंद्याच्या हाडीमासी होती.

16 सप्टेंबर 2017 रोजी आर. के. स्टुडिओला मोठी आग लागली आणि एक मंच जळून गेला. 2019 मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. चार भिंतींच्या आत रात्र बांधण्याची ती जागा चेंबूरमध्ये आता नाही. पण तिथे जे ज्ञान साठले होते ते ग्रेडिंगच्या पडद्यावर तसेच लागू पडते, आणि ते विसरून केलेले काम लगेच उघडे पडते.

एक चौकट, पायरीपायरीने

आता सुरुवातीच्या गल्लीकडे येऊ. पहिला निर्णय ग्रेडिंगच्या किती तरी आधीचा आहे. कॅमेरा सूर्याकडे तोंड करून लावायचा, म्हणजे नैऋत्येकडे. ऊन समोरून तिरपे येते, माणसांच्या कडा उजळतात, सावल्या कॅमेऱ्याकडे येतात आणि चेहऱ्यांची आपल्याकडची बाजू सावलीत राहते. ही रचना चांदण्याची म्हणून चालते. सूर्य पाठीमागे ठेवून घेतलेला सपाट उजळ चेहरा कितीही काळा केला तरी रात्रीचा होत नाही. भर दुपारचे, डोक्यावरचे ऊन सर्वांत वाईट, कारण डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि माणसे डोळे किलकिले करतात. उजेडाची दिशा आणि मिटलेले डोळे कुठलाही कलरिस्ट पुढे बदलू शकत नाही. त्याच वेळी आकाश चौकटीत शक्य तितके कमी घ्यायचे. पर्जन्यवृक्षांचा दाट पसारा वर असला तर निम्मे काम तिथेच झाले.

दुसरा निर्णय उघडिपीचा. फिल्मच्या काळात कमी उघडीप द्यायचे. डिजिटल कॅमेऱ्यात तसे करू नये. काळोखात गेलेला भाग नंतर उचलला की त्यात रवाळ खळबळ दिसते. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (2015) मधली रात्रीची दृश्ये नामिबियाच्या वाळवंटात भर उन्हात, उलट दोन स्टॉप जास्त उघडीप देऊन घेतली आणि नंतर खाली आणली, म्हणजे सावल्यांतला तपशील स्वच्छ राहिला. आपल्या गल्लीत मात्र तितके धाडस परवडणार नाही, कारण समोर सूर्य आहे. मोटरसायकलच्या टाकीवरची, पत्र्याच्या छपरावरची चमक एकदा पूर्ण पांढरी होऊन फाटली की तिच्यात माहिती उरत नाही. चित्र खाली आणल्यावर तिथे चमक दिसत नाही, एकसारखे राखाडी ठिगळ दिसते. दिवसाच्या चित्रातून केलेली रात्र ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण. म्हणून अशी चमकणारी वस्तू आधीच हलवावी किंवा तिच्यावर सावली करावी, आणि उघडीप सावलीच्या बाजूने जेवढी देता येईल तेवढी द्यावी.

आता ग्रेडिंग. रंग आधी पूर्ण काढून टाकायचा आणि चित्र कृष्णधवल करून पाहायचे. जे काळ्या-पांढऱ्यात रात्र दिसत नाही ते रंगानेही दिसणार नाही. वेव्हफॉर्मवर शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. दिवसाच्या चित्रात उन्हातला रस्ता सत्तरीच्या वर असतो. गेन खाली आणून तो पस्तीसच्या आसपास आणायचा, गॅमा थोडी खाली, पण लिफ्टला हात लावताना जपायचे. सर्वांत गडद सावली तीन-चारवर टेकली पाहिजे. सगळे एकदम शून्याला चिकटवले की झाडाखाली एक काळे भगदाड तयार होते. खऱ्या रात्री सावलीत डोकावले तर काहीतरी जाणवते. ते ‘काहीतरी’ शिल्लक ठेवायचे. सावलीतला चेहरा बारा ते अठराच्या दरम्यान ठेवला तर भाव कळतात आणि रात्रही टिकते.

मग आकाश. दिवसा ते चौकटीतले सर्वांत उजळ क्षेत्र असते. दिव्यांच्या रात्री ते उजळलेल्या रस्त्यापेक्षा गडद हवे. इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. पानांमधून डोकावणारे आकाशाचे तुकडे निवडून काळे करायला गेले की प्रत्येक पानाभोवती पांढरी किनार उरते, जणू झाडाला कुणी खडूने बाह्यरेषा काढली आहे. निवड थोडी मऊ करून आणि पानांच्या आत किंचित सरकवून ही किनार कमी होते. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीवर ती पूर्ण जात नाही. म्हणूनच आकाश कॅमेऱ्यातच टाळणे स्वस्त पडते. ‘नोप’ (2022) या चित्रपटाचे छायालेखक होयटे व्हॅन होयटेमा यांनी याच अडचणीवर एक मोठा उपाय केला. एक फिल्म कॅमेरा आणि एक अवरक्त किरण टिपणारा डिजिटल कॅमेरा अशा जोडीने एकाच वेळी एकच दृश्य टिपले. अवरक्तात निळे आकाश जवळजवळ काळे येते, त्यामुळे आकाश वेगळे काढायचे कामच उरत नाही. दोन्ही प्रतिमा जुळवून त्यातून खोल, स्वच्छ रात्र मिळाली. आपल्याकडच्या मालिकेला हे झेपणारे नाही, पण सगळा खटाटोप आकाशासाठीच असतो हे त्यातून दिसते.

रंगाचे काम शेवटी, आणि थोडे. एकूण संपृक्तता निम्म्यावर आणायची. लाल तेवढा वेगळा निवडून आणखी खाली, म्हणजे जास्वंद तपकिरी-काळी होते आणि पाने तिच्याहून उजळ उरतात. मग मधल्या छटांमध्ये थोडा निळा, त्वचेवर जवळजवळ नाही. दूरची खोडे, टोकाचा बंगला किंचित मऊ. एवढे झाले की गल्लीत चांदणे पडते, आणि ते खरे वाटते.

दिवे बांधावे लागतात

पण चेंबूरच्या गल्लीत असे चांदणे कधी पडते? वीज गेली तरच. इथे खांबावर दिवा असतो, दुकानात ट्यूब असते, खिडक्यांत बल्ब असतो, आणि त्या सगळ्यांपुढे चंद्राचा पाव लक्स कुणाला दिसत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली पंधरा-वीस लक्स उजेड पडतो. म्हणजे चेंबूरची रात्र चांदण्याहून साठ-ऐंशी पटींनी उजळ आणि संपूर्ण वेगळ्या स्वभावाची. तिच्यात रंग दिसतात, कारण शंकुपेशी जाग्या असतात. लाल जास्वंद खांबाखाली असेल तर लालच दिसेल. एकच निळसर पडदा सगळ्या चित्रावर टाकणे शहरी रात्रीत म्हणूनच चुकते. डोळ्याची रात्र आणि दिव्याची रात्र एकाच चौकटीत शेजारी राहतात.

खांबावरचा दिवा सूर्यासारखा वागत नाही. तो जवळ आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून खांबाखाली डबके, दोन खांबांमध्ये काळोख. सावल्या समांतर नसतात, खांबापासून चारी बाजूंनी फाकतात, आणि चालणाऱ्या माणसाची सावली पुढे पुढे लांबत जाते. पावणेपाचच्या उन्हात यातले काहीच नाही. तिथे एकच दिशा, एकच ताकद. चित्रीकरणाच्या वेळी खांबावरचा दिवा पेटवून ठेवला तरी फायदा नाही, कारण त्या वेळी झाडाच्या सावलीतही हजारो लक्स उजेड असतो आणि त्यात वीस लक्सची भर कॅमेऱ्याला जाणवणार नाही.

म्हणून हा उजेड ग्रेडिंगमध्ये हाताने उभा करावा लागतो. खांबाच्या टोकाशी तेजाचा ठिपका नव्वदच्या आसपास. त्याखाली रस्त्यावर मऊ कडेची लंबगोल खिडकी, मध्ये पन्नास-पंचावन्न आणि कडेकडे ओसरत आजूबाजूच्या पातळीत मिसळणारी. बंगल्याच्या भिंतीवर, दिव्याकडे तोंड असलेल्या बाजूलाच, एक उतरता पट्टा. दिव्याच्या लगतच्या पानांचे खालचे अंग उजळ आणि वरचे काळे, कारण दिवा खाली आहे. वाण्याच्या दुकानातून बाहेर सांडणारा उजेड जमिनीवर लांबट चौकोनी, आणि गिऱ्हाईक त्यातून गेले तर त्याच्या एका बाजूवर तो पडला पाहिजे. पेटलेला दिवा दाखवला आणि त्याचा उजेड कशावरच पडला नाही, तर तो चिकटवलेला स्टिकर दिसतो. उलट दिवा चौकटीबाहेर ठेवून फक्त भिंतीवरचा उतरता उजेड दाखवला तरी दिवा आहे असे वाटते. हळदणकरांच्या चित्रातला ओसरणारा उजेड तो हाच.

एक अडचण तरीही उरते. उन्हाच्या धारदार सावल्या कॅमेऱ्याकडे येत आहेत आणि नव्या दिव्याप्रमाणे त्या दुसरीकडे जायला हव्यात. यातून वाट दोनच. पहिली, उन्हाच्या सावल्यांना चंद्राच्या सावल्या मानून त्या दिव्याच्या डबक्यात विरघळवायच्या आणि बाहेरच्या काळोखात ठेवायच्या. दुसरी आणि बरी वाट म्हणजे दिव्यांची रात्र हवी असेल तर उन्हात चित्रीकरण करूच नये. ढगाळ दिवस किंवा इमारतींच्या सावलीत गेलेली गल्ली निवडावी. तिथे कुठलीच ठळक सावली नसते, म्हणून दिवा जिथे हवा तिथे ठेवता येतो. चांदण्यासाठी ऊन आणि दिव्यांसाठी ढग, असा हा ढोबळ नियम आहे.

दिव्याचा रंग कोणता हाही ठिकाणाचा प्रश्न आहे. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे सोडियमचे नारिंगी दिवे होते. मग पांढरे एलईडी आले. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हा मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. लोकांना त्या रस्त्याची रात्र पिवळी म्हणूनच ठाऊक होती. त्यामुळे गोष्ट 1990 सालच्या चेंबूरची असेल तर खांबाखालचे डबके नारिंगी हवे आणि त्यात निळा जवळजवळ दिसता कामा नये. सोडियमच्या उजेडात निळी साडीही राखाडी दिसते. गोष्ट आजची असेल तर पांढरे एलईडी, आणि खिडक्यांतून वेगवेगळ्या छटांचे पिवळे-पांढरे. जुनी गल्ली एलईडीच्या पांढऱ्यात दाखवणारी चूक रंगाची वाटते, पण ती इतिहासाची असते.

वीस-बावीस मिनिटांची संध्याकाळ

तिन्हीसांजेचे गणित रात्रीपेक्षा वेगळे आहे, आणि निळ्याच्या बाबतीत तर उलटे. सूर्य मावळल्यावर डोक्यावरचे आकाश खरोखर गडद निळे होते, कारण तिरपे येणारे किरण ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करतात आणि तो थर त्यांतला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. हा निळा जगातलाच आहे, डोळ्याचा नव्हे. तेव्हा तो मोकळेपणाने वापरावा. तिन्हीसांजेला आकाश हेच सर्वांत उजळ आणि सर्वांत मोठे क्षेत्र राहते, म्हणून ते रात्रीसारखे गाडायचे नसते. सावल्या नसतात. म्हणून संध्याकाळ उन्हातून निघत नाही, जूनच्या ढगाळ दुपारीतून सहज निघते. तेव्हा उजेड सगळ्या आकाशातून उतरतो, संध्याकाळी उतरतो तसाच. आकाश पन्नासच्या वर ठेवावे, जमीन वीस-पंचवीसवर आणावी, आणि दिवे लावावेत.

दिवे किती लावायचे ते घड्याळ ठरवते. मुंबई 19 अक्षांशांवर आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून मावळतीनंतर क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला वीस-बावीस मिनिटे पुरतात. लंडनला उन्हाळ्यात त्याच्या दुपटीने लागतात. त्या वेळात जमिनीवरचा उजेड काही शे लक्सपासून तीन-चार लक्सपर्यंत घसरतो, आणि मावळतीनंतर साधारण पंधरा मिनिटांनी तो खांबावरच्या दिव्याच्या बरोबरीला येतो. तेवढ्या दोन-चार मिनिटांत आकाश आणि दिवे दोन्ही दिसतात. दिग्दर्शकांना हवी असते ती हीच वेळ, आणि त्यात एखाद-दुसरा टेकच होतो. लांब संवादाचा प्रसंग दोन-चार मिनिटांत कुणी घेऊ शकत नाही. इथे दिवसातून संध्याकाळ करणे ही गरज आहे, आळस नव्हे.

मग रात्रीच चित्रीकरण का करू नये?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला अर्धे मान्य करायलाच हवे. आजचे काही कॅमेरे आयएसओ 12800 वरही स्वच्छ चित्र देतात. स्टेशनजवळचा बाजार, दुकानांचे दिवे, गर्दी असे दृश्य असेल तर ते रात्रीच घ्यावे. तिथे दिवे इतके आहेत की दिवसाच्या चित्रात ते बांधत बसणे खर्चिक आणि खोटे. पण माहुलच्या खाडीकडचा मोकळा पट्टा, टेकडी, शेत, जंगल अशा विस्तीर्ण काळोखाला उजळायला दिवे कुठवर लावणार? कॅमेऱ्याला चांदणे दिसले तरी आठ-दहा सेकंदांच्या उघडिपीत चालता माणूस धूर होतो. अशा ठिकाणी उन्हातून चांदणे काढणे हाच प्रामाणिक मार्ग. लहान मुले, जनावरे, पाण्यातली दृश्ये असतील तर सुरक्षिततेसाठीही दिवसच बरा.

दुसरा आक्षेप असा की प्रेक्षक निळा म्हणजे रात्र हा संकेत मानतो, मग इतका खटाटोप कशाला? संकेत चालतो हे खरे. नाटकात निळा झोत टाकला की रात्र होते आणि कुणी तक्रार करत नाही. पण चित्रपटात त्याच चौकटीत खरी भिंत, खरे झाड, खरा रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर रोज रात्री चालणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो. त्याला दिव्याचे गणित मांडता येत नाही, पण पाठ असते. म्हणूनच रंग अचूक असूनही चित्र फसते ते अगदी साध्या गोष्टींनी. दोरीवर वाळणारे कपडे, उघडी शाळा, हेडलाइट न लावता जाणाऱ्या रिक्षा, कावळे, किलकिले डोळे. या गोष्टी ग्रेडिंगच्या खोलीत शिरण्याआधी चौकटीतून काढाव्या लागतात, आणि रिक्षांचे दिवे चित्रीकरणात पेटवून, नंतर आणखी उजळावे लागतात.

शेवटची तपासणी पडद्याची. कलरिस्ट अंधाऱ्या खोलीत, नेमून दिलेल्या उजेडाच्या मॉनिटरवर काम करतो. तिथे बारावर ठेवलेला चेहरा वाचता येतो. तोच चेहरा हार्बर लाइनच्या डब्यात, खिडकीतून ऊन येत असताना, फोनवर पाहिला तर काळी काच दिसते. म्हणून तयार झालेली रात्र उजेडाच्या खोलीत, साध्या फोनवर एकदा चालवून पाहावी. चेहरा हरवला तर सगळे चित्र उजळू नये, त्याने रात्र फिकी पडते. फक्त चेहऱ्यावरची कड आणि दिव्याचे डबके दोन-चार अंकांनी उचलावे, आणि चौकट पुन्हा त्याच फोनवर पाहावी.